चंद्रोदयाचं जेवण आणि पित्ताची गोळी: अल्सर किंवा जळजळ असताना संकष्टी कशी धरावी

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या औषधाच्या दुकानात येणारी काही गिऱ्हाईकं मी चेहऱ्यावरून ओळखतो. डोळे चुरचुरणारे, घसा बसलेला, एक हात छातीच्या खाली. मागणी ठरलेली असते, "पित्तावर जरा जोराचं काहीतरी द्या." विचारावं तर गोळी घरात असतेच आणि आदल्या दिवशी घेतलेलीही असते. पण ती घेतलेली असते सकाळी सहाला आणि जेवण झालेलं असतं रात्री दहाला.

एकादशीला दिवसभर फराळ तरी चालू असतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे उगीच म्हणत नाहीत. संकष्टीचं गणित वेगळं. कृष्ण पक्षातल्या चतुर्थीला चंद्र उशिरा उगवतो, साधारण साडेआठ ते सव्वादहाच्या दरम्यान. महिना बदलला की वेळ बदलते आणि गाव बदललं तरी बदलते. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला असल्यामुळे तिथे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी दिसतो. म्हणजे दिवसभर पोट रिकामं किंवा चहावर, मग दहाच्या सुमारास मोदक, वरणभात, तूप आणि पाऊण तासात अंथरूण. ज्याला अल्सर आहे त्याला यातला दिवस बाधतो आणि ज्याच्या घशाशी येतं त्याला रात्र बाधते. म्हणून इथे संकष्टी धरूनच सगळं सांगतो. एकादशी आणि नवरात्राला काय बदलायचं ते शेवटी.

आधी हे ठरवा: या महिन्यात धरायची का?

दुर्बिणीच्या तपासणीत अल्सर नुकताच सापडला असेल आणि औषधं चालू असतील तर ही संकष्टी सोडून द्या. जखम भरायला साधारण ८ आठवडे लागतात, जठरातल्या अल्सरला कधी त्याहून जास्त. तेवढ्यात दोनच संकष्ट्या येतात.

'पोटात जंतू आहे' असं सांगून डॉक्टरांनी १४ दिवसांचा कोर्स दिला असेल तर त्या १४ दिवसांत कुठलाच उपवास नको. हा जंतू म्हणजे एच. पायलोरी. त्याच्यावर सहसा दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी दिवसातून दोनदा असते. त्या गोळ्यांनी तोंड कडू होतं, मळमळतं आणि रिकाम्या पोटी मळमळ वाढते. मग माणूस एक डोस गाळतो, दुसरा उशिरा घेतो. असं झालं की जंतू मरत नाही, उलट त्या औषधाला पुरून उरतो आणि पुढच्या वेळी ते औषध त्याच्यावर चालत नाही.

ज्यांना अल्सरमधून कधी रक्तस्राव झाला आहे आणि ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर आधी त्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बसवून घ्यावं, पोटाचं नंतर.

दुकानात हमखास येणारी शंका म्हणजे, "गोळी घेतली तर उपवास मोडतो का हो?" व्रत न मोडणाऱ्या ज्या आठ गोष्टी आपल्याकडे परंपरेने सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध यांच्याबरोबर औषधाचंही नाव आहे. त्यामुळे गोळी आणि तिच्यासोबतचं पेलाभर पाणी याबद्दल मनात किंतु ठेवायचं कारण नाही. अल्सरवाल्याने निर्जळी मात्र करूच नये.

तुमचं दुखणं भुकेचं की भरल्या पोटाचं?

'पित्त झालंय' या दोन शब्दांत आपण दोन वेगळी दुखणी कोंबतो. उपवासाची आखणी त्यातलं कुठलं आहे त्यावर ठरते, म्हणून जरा थांबून बघा.

बेंबीच्या वर, मधोमध, बोटाने दाखवता येईल अशा जागी कुरतडल्यासारखं दुखतं. जेवून तीनेक तास झाले की सुरू होतं, पहाटे दोन-तीनला जाग आणतं आणि दोन बिस्किटं खाल्ली की शांत होतं. हा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अल्सरचा नेहमीचा नमुना. जठरातला अल्सर कधी उलटा वागतो, खाल्ल्यावर जास्त दुखतो. दोन्हींत लांबलचक रिकामं पोट टाळायचं. तीन-चार तासांत काहीतरी थोडं पोटात गेलं पाहिजे.

दुसरं दुखणं छातीच्या हाडामागे जळतं. जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं, कधी रात्री ठसका लागून जाग येते. इथे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधलं झाकण ढिलं असतं. अशा माणसाचा दिवस उपाशीपोटी बऱ्यापैकी निघून जातो, पण रात्रीचं एक मोठं ताट आणि लगेच झोप त्याला भोवते.

पुष्कळांना दोन्ही असतं. त्यांनी दिवस अल्सरवाल्यासारखा काढायचा आणि रात्र जळजळवाल्यासारखी.

गोळीला जेवणाची वेळ का लागते

पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, एसोमेप्रॅझोल ही सगळी एकाच घराण्यातली. लोक त्यांना 'गॅसची गोळी' म्हणतात, पण गॅसशी त्यांचा संबंध नाही. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. ही गोळी आतड्यात विरघळून रक्तातून त्या पंपांपर्यंत जाते आणि त्यांना कुलूप घालते. अडचण अशी की कुलूप लागतं फक्त चालू असलेल्या पंपांना. पंप चालू होतात अन्न आल्यावर आणि गोळी रक्तात राहते जेमतेम काही तास. म्हणून गोळी घेऊन अर्ध्या ते एक तासाने खायचं. गोळीही हजर आणि पंपही चालू, अशी गाठ पडली तरच काम होतं.

आता संकष्टीचा दिवस बघा. सकाळी सहाला गोळी, त्यावर चहा आणि मग काहीच नाही. बरेच पंप झोपलेलेच असतात. ते उठतात रात्री दहाला आणि तोवर गोळी रक्तातून निघून गेलेली असते. रोज गोळी घेणाऱ्याला आदल्या दिवसांच्या कुलपांचा आधार असतो, त्यामुळे सगळंच वाया जात नाही. पण जो फक्त उपवासाच्या दिवशी एक गोळी घेतो त्याला काहीच आधार नसतो. या औषधाचा पूर्ण जोर यायला रोज घेऊन तीन ते पाच दिवस लागतात.

आणखी एक. या गोळीवर आम्लात न विरघळणारं वेष्टण असतं. ती चावू नये, मोडू नये, कुटून मधातून देऊ नये. गिळता येत नसेल तर दुसरा प्रकार मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून आणावा.

मावशीची संकष्टी

माझी मावशी अठ्ठावन्न वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला आतड्याच्या सुरुवातीला अल्सर निघाला होता, जंतूचा कोर्स झाला, जखम भरली. घशाशी येणं मात्र राहिलं. त्यासाठी रोज सकाळी पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅमची एक गोळी. संकष्टी ती लग्नाआधीपासून धरते आणि सोडणार नाही हे तिने डॉक्टरांनाही सांगून टाकलेलं.

तिचा जुना दिवस मी एकदा कागदावर लिहून काढला. सहाला गोळी आणि चहा. नऊला चहा. अकराला ताटभर खिचडी, हिरव्या मिरचीची. चारला चहा. मग सात ते नऊ ओट्याशी उभी: मोदकांची उकड, सारण, वरण, भाजी. याच वेळात तिच्या पोटात कुरतडायला लागायचं. ती म्हणायची थकव्याने होतं. खरं कारण तिच्या पुढ्यातच शिजत होतं. अन्नाचा वास आला, ते डोळ्यांना दिसलं की मेंदू जठराला सांगावा धाडतो आणि आम्ल सुटायला लागतं, घास पोटात जायच्या कितीतरी आधी. रिकाम्या पोटी दोन तास उकडीच्या वाफेत उभं राहणं म्हणजे अल्सरवाल्याची परीक्षाच. नऊ वीसला चंद्रोदय, आरती, अर्घ्य, पावणेदहाला जेवण, चार मोदक तुपाची धार घालून, साडेदहाला झोप. दोन वाजता ठसका लागून उठणं आणि मग पहाटेपर्यंत उशीला टेकून बसणं.

तिच्या डॉक्टरांना विचारून आम्ही जो दिवस बसवला तो असा.

आदल्या संध्याकाळी साडेसातला हलकं जेवण, म्हणजे सकाळ खराब होत नाही.

सकाळी साडेसहाला गोळी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर लगेच चहा नाही. सव्वासातला वाटीभर राजगिऱ्याच्या लाह्या कोमट दुधात, किंवा एक केळं आणि दोन-तीन खजूर. एवढंसं खाणं गोळीसाठी आहे. चहा हवाच असेल तर त्यानंतर अर्धा कप.

दहा-साडेदहाला पेलाभर ताजं, गोडसर ताक किंवा शहाळं. साडेबाराला दुपारचा फराळ: भगर आणि लाल भोपळ्याची जिऱ्यातली भाजी, किंवा उकडलेलं रताळं, किंवा खाली सांगितलेली पेज. चार वाजता पपईच्या फोडी.

सगळ्यात जास्त वाद झाला तो सात वाजताच्या खाण्यावर. संध्याकाळी सातला, ओट्याशी उभं राहण्याआधी, उपवासाचंच पण जेवणाइतकं खायचं: वाटीभर भगर, उकडलेला बटाटा, थोडं तूप. मावशीचं म्हणणं, "अरे, चंद्र बघायच्या आधी पोटभर खाल्लं तर संकष्टी कसली?" मी म्हटलं, "अकराला ताटभर खिचडी खातेस तेव्हा चंद्र कुठे असतो?" ती हसली आणि पुढच्या महिन्यापासून सातला बसायला लागली. मोदकांची उकडही आता सून काढते, हा एक फायदा वेगळाच.

नऊ वीसला चंद्रोदय. नैवेद्याच्या ताटातून एक मोदक आणि चार-पाच घास वरणभात. उपवास सुटला. मोदकाचं सारण गूळ-खोबऱ्याचं असतं आणि वर तूप, म्हणजे चांगलंच स्निग्ध. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतात आणि ते झाकणही सैल करतात. उरलेले मोदक दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी उकडून घेतले की पुन्हा मऊ होतात.

झोप साडेअकराच्या आधी नाही. खरं तर जेवण आणि झोप यात तीन तास हवेत. पण सातला मुख्य खाणं झालं आणि रात्रीचे घास मोजकेच असले की दोन तासांवर निभावतं. तिच्या पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सुताराकडून आणलेले सहा इंची ठोकळे आहेत. दोन उशा घेऊन हे साधत नाही. उशांनी मान वर जाते, कंबर दुमडते आणि पोटावर दाब येऊन पाणी आणखी वर चढतं. उजव्याऐवजी डाव्या कुशीवर झोपलं तर घशाशी कमी येतं, तेही तिने अंगवळणी पाडलं.

ज्यांना गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली आहे त्यांनी दुसरी गोळी सव्वासहा-साडेसहाला, म्हणजे सातच्या खाण्याआधी घ्यावी. चंद्रोदयाच्या जेवणानंतर 'आता घेते' म्हणून दहाला घेतलेली गोळी त्या रात्री फारशी कामाची नसते. आणि ज्यांना एकच गोळी आहे, पण दिवसभर खरोखर काहीच न खाता संध्याकाळी एकदाच खायचं आहे, त्यांनी ती गोळी त्या दिवसापुरती संध्याकाळच्या खाण्याआधी अर्धा तास घ्यावी का, हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावं. अल्सर झालेला असेल तर असा कडक उपवास मला पटत नाही, हे स्पष्टच सांगतो.

साबुदाण्याचा दोष किती, मिरचीचा किती

साबुदाण्याला फार शिव्या बसतात. तो कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे, आम्ल वाढवणारं त्याच्यात खास काही नाही. खिचडीत जळजळ करतं ते त्याच्या सोबतीला आलेलं: वाटीभर साबुदाण्याला अर्धी-पाऊण वाटी दाण्याचं कूट, तीन-चार मिरच्या आणि सढळ तूप. वडा तर तळलेलाच. दाण्याच्या आमटीत कूट, मिरची आणि आमसूल तिन्ही एकत्र येतात, म्हणून जळजळवाल्यांनी आधी ती सोडावी. खिचडी हवीच असेल तर कूट दोन चमचे, मिरचीऐवजी जिरं आणि किसभर आलं, तूप एक चमचा आणि ताट नाही, एक वाटी, तीही दुपारी.

मला स्वतःला पेज आवडते. दोन मोठे चमचे साबुदाणा धुऊन दोन तास भिजवायचा. दोन-अडीच कप पाणी उकळायला ठेवून त्यात सोडायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. दाणा पारदर्शक झाला आणि पेज डावावरून तारेसारखी पडायला लागली की उतरवायची. सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा तूप. कोमट झाली की घोट घोट प्यायची. पोटात कुरतडत असताना हिच्याइतकं सोसवणारं उपवासाचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

थंड दुधाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण घरोघरी तोच उपाय आहे. दूध पोटात गेलं की थोडा वेळ आम्ल बोथट होतं आणि गार वाटतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम तासाभराने आम्ल पुन्हा वाढवतात. म्हणून दूध खाण्याचा भाग म्हणून घ्या, दर तासाला औषध म्हणून ढोसू नका. रात्री झोपताना तर नकोच.

लिंबू सरबत, आंबट दही, संत्री-मोसंबी, बटाट्याचा तळलेला चिवडा आणि वेफर हे जळजळवाल्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवावं. सोड्याची फसफसणारी पावडर ढेकर काढते म्हणून बरं वाटतं, पण ढेकरेबरोबर आम्लही वर येतं. पुरुषमंडळी बरीचशी चहा आणि तंबाखूवर उपवास काढतात, काही बायका मिसरीवर. रिकाम्या पोटी तंबाखू अल्सर भरू देत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत पुन्हा पुन्हा अल्सर उलटलेले जे आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या खिशात पुडी असते.

बाकीच्या औषधांचं काय

पातळ गुलाबी किंवा पांढरं औषध, म्हणजे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड, आम्ल तिथल्या तिथे मारतं. रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या तासात आतड्यात निघून जातं आणि जळजळ परत येते. मग बाटली तोंडाला लावली जाते. खाल्ल्यानंतर तासाभराने दोन चमचे घेतलं तर ते अन्नाबरोबर जठरात राहून दोन-तीन तास पुरतं. संकष्टीला त्याची योग्य वेळ म्हणजे रात्री झोपण्याआधी, तेही त्रास झाला तरच. इतर गोळ्यांमध्ये आणि त्याच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे औषध विचारूनच घ्या.

सुक्राल्फेट हे जखमेवर लेप बसवणारं औषध. त्याला रिकामं पोट लागतं, खाण्याआधी एक तास. ते चालू असेल तर बहुधा अल्सर ताजा आहे, म्हणजे उपवासाचा प्रश्नच आधी पुन्हा तपासायला हवा. झोपताना फॅमोटिडिन लिहून दिलं असेल तर त्याला जेवणाची अट नाही, ठरल्या वेळी घ्या.

सगळ्यात घातक वस्तू पित्ताच्या औषधांत नसतेच. उपवासात चहा चुकला, पाणी कमी पडलं की डोकं दुखतं. मग घरातली अंगदुखीची गोळी रिकाम्या पोटी घेतली जाते: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक किंवा यांच्यापैकी एक आणि पॅरासिटामॉल अशी जोडगोळी. या गोळ्या जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत करतात आणि जुन्या अल्सरवर घेतल्या तर रक्तस्राव होऊ शकतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली नावं वाचा. अल्सर झालेल्याने डोकेदुखीला साधं पॅरासिटामॉलच घ्यावं आणि त्याआधी दोन पेले पाणी. पुष्कळदा पाण्यानेच भागतं.

उपवास तिथेच सोडायचा, असं केव्हा

नेहमीपेक्षा जास्त कुरतडायला लागलं आणि केळं किंवा पेज खाऊनही अर्ध्या-पाऊण तासात उतरलं नाही, तर चंद्राची वाट बघू नका. साधं अन्न खा. हा घरी सांभाळण्यासारखा त्रास आहे.

पुढचा मात्र दवाखान्यात नेण्यासारखा. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि वेगळ्याच उग्र वासाची होणं, हे वरून रक्त गेल्याचं लक्षण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते, पण ती चिकट नसते आणि तसा वास येत नाही. शंका आली तर स्वतः निकाल लावत बसू नका. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळसर पडणं. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आणि घाम. किंवा अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट लाकडासारखं कडक होणं, म्हणजे अल्सर फुटल्याची शक्यता. अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, आणि लगेच निघा. छातीतली जळजळ चालताना वाढत असेल, जबड्याकडे किंवा डाव्या हातात जात असेल, घाम फुटत असेल तर ते पित्त समजून पातळ औषध पाजत बसण्यात हृदयविकाराचा मोलाचा वेळ जातो.

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं, याला उपवासाच्या आखणीने उत्तर मिळत नाही. दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

एकादशी आणि नवरात्र

एकादशीला चंद्राची वाट बघायची नसते, म्हणून ती सोपी. गोळी सकाळी, अर्ध्या-पाऊण तासाने फराळ, दर तीन-चार तासांनी थोडं आणि शेवटचं खाणं साडेसात-आठपर्यंत. चूक होते ती द्वादशीला, उपवास सोडताना. सकाळी सकाळी पुरी-भाजी आणि गोडाचं ताट होतं, त्यामुळे गोळी विसरली जाते. पारण्याच्या आधीही अर्धा तास गोळी हवीच.

नवरात्राचे नऊ दिवस सलग असतात. अल्सर झालेल्यांना मी 'उठता-बसता' सुचवतो, म्हणजे घट बसताना आणि उठताना असे दोनच उपवास. ज्यांना फक्त जळजळ आहे आणि नऊही दिवस धरायचे आहेत, त्यांनी घटस्थापनेच्या चार-पाच दिवस आधीपासून गोळी रोज आणि वेळेवर चालू असल्याची खात्री करावी, म्हणजे पहिल्या माळेला तिचा पूर्ण जोर आलेला असतो. दसरा झाला म्हणून ती एकदम बंदही करू नये. फार दिवस घेतलेली गोळी अचानक सोडली की काही दिवस आम्ल उसळतं. ती कशी उतरवायची हे डॉक्टरच सांगतील.

पावसाळ्यात चंद्र ढगांत असतो आणि काही घरांत 'दिसल्याशिवाय नाही' म्हणून अकरा-अकरा वाजतात. मावशीकडे आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपल्या गावाची चंद्रोदयाची वेळ बघतात. ती झाली की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य देतात, ढग असोत वा नसोत, आणि पानं घेतात. गेल्या श्रावणात तिने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. गोळीचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "सहा मोदक उरलेत, दुपारी दुकान बंद करून ये."